आठ टक्के, सहा टक्के आणि पाच वर्षं

कर्जत-मुरबाड रस्त्यावर कशेळ्याच्या आसपास सिमेंटची गोणी साडेतीनशे रुपयांना विकली, तर दुकानदाराच्या हातात दहा-अकरा रुपये सुटतात असं धरू. त्यातून टेम्पोचं डिझेल आणि हमाली वजा जाते. पावसाळ्यात फळ्यांवर रचलेल्या थप्पीतली तळाची गोणी ओल धरून दगड झाली, तर तीस-बत्तीस गोण्यांची कमाई त्या एका गोणीत जाते. आयकर कायदा मात्र याच साडेतीनशेच्या विक्रीवर, पैसे रोख आले असतील तर, अठ्ठावीस रुपये नफा झाला असं मानायला तयार असतो. शेजारच्या वडापावच्या गाडीवर शंभराच्या विक्रीमागे तीस रुपये सुटले, तरी तिथेही तो आठच धरतो.

हा आठाचा आकडा मुळात दुकानदारांसाठी नव्हता. कलम ४४ एडी १९९४ साली आलं ते बांधकाम ठेकेदारांसाठी, आणि त्यांचा नफा आठ टक्के धरायचा असं ठरलं. किरकोळ व्यापाऱ्यांसाठी नंतर ४४ एएफ हे वेगळं कलम आलं आणि त्यात दर होता पाच टक्के. २००९ च्या वित्त कायद्याने ही वेगळी कलमं गुंडाळली आणि ठेकेदाराचा आठाचा आकडा किराणावाला, कापडवाला, हार्डवेअरवाला अशा सगळ्यांना लागू केला. नोटाबंदीनंतर त्यात सहाची सवलत आली. जी विक्री बँकेतून, म्हणजे खात्यावर जमा होणाऱ्या चेकने, यूपीआयने, एनईएफटीने येते, तिच्यावर सहा टक्के आणि बाकीवर आठ. मर्यादाही वाढत वाढत २ कोटींपर्यंत आली. रोख जमा एकूण जमेच्या पाच टक्क्यांच्या आत असेल, तर ती ३ कोटी आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि या तरतुदी कलम ५८ मध्ये गेल्या. कलमाचा क्रमांक बदलला, हिशेबाचा गाभा तोच राहिला. बाजारात अजूनही सगळे ‘फॉर्टी फोर एडी’च म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव ठेवतो.

आता दुकानदाराचा प्रश्न. कायद्याने गृहीत धरलेला नफा मान्य करून मोकळं व्हायचं, की रोजमेळ, खतावणी, साठ्याची मोजणी असं सगळं ठेवून खरा नफा दाखवायचा?

बहुतेक दुकानांपुरता हा प्रश्न आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून जवळपास निकालात निघाला आहे. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करसवलतीमुळे काही भरावं लागत नाही. त्या १२ लाखांना आठ टक्क्यांनी भागा, दीड कोटी येतात. म्हणजे चौकच्या नाक्यावरचं किंवा महडला वरदविनायकाच्या वाटेवरचं एखादं दुकान वर्षाला ६० लाखांचा धंदा करत असेल आणि मालकाचं दुसरं उत्पन्न नसेल, तर सगळी विक्री रोखीची धरूनसुद्धा गृहीत नफा ४ लाख ८० हजार होतो आणि कर शून्य. त्याने खरा नफा ३ लाख होता हे सिद्ध करण्यासाठी वह्या लिहून घ्यायच्या कशाला? आदल्या वर्षापर्यंत ही सवलत ७ लाखांवर थांबायची, त्यामुळे साडेसत्याऐंशी लाखांच्या विक्रीपासून पुढे डोकेदुखी सुरू व्हायची. आता ती दीड कोटींवर सरकली आहे.

मात्र १२ लाखांत घरभाडं, मुदत ठेवीचं व्याज, रसायनीच्या कारखान्यातली पार्टटाइम नोकरी, सगळं येतं. ‘दुकानाचं तर अकरा लाखच आहे’ असं म्हणणाऱ्याच्या नावावर खोपोलीत भाड्याने दिलेले दोन गाळे निघाले की गणित बदलतं.

म्हणून खरा पेच दीड ते दोन कोटींच्या दुकानाचा आहे. कर्जत-खालापुरात असं दुकान बहुधा सिमेंट-सळईचं असतं. फार्महाऊस, बंगले, वाड्यांवरची घरकुलं यांनी ही दुकानं मोठी केली आहेत. विक्री भरपूर आणि नफा पातळ, असा त्यांचा धंदा. त्यातलं एक काल्पनिक दुकान घेऊ आणि त्याची वही उघडू.

वर्षाची विक्री जीएसटी सोडून १ कोटी ८० लाख. त्यात सिमेंट ९० लाखांचं, शेकडा तीनने सुटणारं. सळई ४० लाखांची, शेकडा चारने. उरलेले ५० लाख पाइप, रंग, नळ, खिळे, वायर यांचे, आणि त्यात शेकडा वीस सुटतात. सिमेंटमधून २ लाख ७० हजार, सळईतून १ लाख ६० हजार आणि बाकी मालातून १० लाख, अशी ढोबळ कमाई १४ लाख ३० हजार होते. दुकानाची अर्धी जागा सिमेंट अडवतं आणि घर चालतं ते नळ-रंगाच्या फळीवर. पण सिमेंट ठेवलं नाही, तर नळ घ्यायला तरी कोण येणार?

आता खर्च. भाडं महिना १२ हजार, म्हणजे १ लाख ४४ हजार. दोन पोरांचा पगार प्रत्येकी १३ हजार, वर्षाचे ३ लाख १२ हजार. टेम्पोचं डिझेल-दुरुस्ती १ लाख २० हजार आणि त्याचा घसारा ६० हजार. बँकेच्या कॅश क्रेडिटचं व्याज १ लाख १० हजार. वीज-फोन ३६ हजार, ओल धरून वाया गेलेला माल ३० हजार, जीएसटीचं काम बघणाऱ्याचे २४ हजार. बेरीज ८ लाख ३६ हजार. उरले ५ लाख ९४ हजार, म्हणजे विक्रीच्या ३.३ टक्के.

कायद्याचा हिशेब याच्याशी ताडून पाहू. विक्रीपैकी ७२ लाख बँकेतून आले. मुंबईचे बंगलेवाले शनिवारी-रविवारी येतात आणि कोड स्कॅन करून जातात, ते हे पैसे. ८६ लाख रोख आले, मिस्त्री आणि गावातल्या गिऱ्हाइकांकडून. ३१ मार्चला २२ लाख उधारी बाकी आहे, मुख्यतः ठेकेदारांकडे. उधारी आली नाही म्हणून विक्रीतून सुटत नाही, तिच्यावर तूर्त आठच टक्के. तेव्हा ७२ लाखांवर सहा टक्के म्हणजे ४ लाख ३२ हजार आणि १ कोटी ८ लाखांवर आठ टक्के म्हणजे ८ लाख ६४ हजार, मिळून १२ लाख ९६ हजार. खऱ्या नफ्याच्या दुपटीहून जास्त. भाडं, पगार, व्याज, घसारा यातलं काहीही यातून परत वजा करता येत नाही, कारण कायद्याच्या मते ते सगळं त्या आठ-सहात आधीच धरलं आहे.

१२ लाख ९६ हजारांवर नव्या प्रणालीत कर बसतो ७४,४०० आणि उपकर धरून ७७,३७६. खऱ्या ५ लाख ९४ हजारांवर शून्य. हे ऐकून दुकानदार उसळतोच. ‘जे मिळवलंच नाही त्याच्यावर कर कसला? दाखवा माझा खरा नफा.’

दाखवता येतो. पण विक्री एक कोटीच्या वर आहे आणि रोखीचं प्रमाण पाच टक्क्यांच्या कितीतरी वर आहे, त्यामुळे गृहीत नफा नाकारला की चार्टर्ड अकाउंटंटकडून कर लेखापरीक्षण अनिवार्य होतं. त्याची फी ३५ हजार धरा आणि वह्या ऑडिटला टिकतील अशा लिहिणाऱ्या माणसाला महिन्याला ४ हजार जास्तीचे धरा. ८३ हजार झाले. कर वाचला ७७ हजार. इथे बरेच जण गप्प होतात.

ऑडिटच्या वाटेवर आणखी एक खड्डा आहे. वह्यांचा रस्ता धरला की खर्चाचे नियमही लागू होतात. एका दिवसात एका माणसाला १० हजारांच्या वर रोख दिलं, तर तो खर्च धरला जात नाही. या दुकानात दोन्ही पोरांचे पगार रोख दिले जातात, १३-१३ हजार, महिन्याच्या दहा तारखेला एकरकमी. म्हणजे ३ लाख १२ हजारांचा पगार ऑडिटमध्ये खर्च म्हणून बाद आणि ‘खरा’ नफा ५ लाख ९४ हजारांवरून ९ लाख ६ हजारांवर. या दुकानात १२ लाखांची सवलत असल्यामुळे कर तरीही शून्यच राहतो. ज्याचं दुसरं उत्पन्न आहे, त्याचा राहणार नाही. दुकानदार मनात जो नफा धरतो तो गल्ल्यावरचा असतो. कायद्याचा खरा नफा पावत्यांवरून ठरतो, आणि या दोघांची भेट क्वचितच होते.

मग या दुकानदाराने काय करावं? माझ्या मते त्याचं उत्तर खर्चात नाही, जमेत आहे. तो दोन वाटांकडे बघत बसतो आणि तिसरी त्याच्या गल्ल्यासमोरच चिकटवलेली असते, यूपीआयच्या कोडच्या रूपात.

आधी उधारी. सहा टक्क्यांचा लाभ फक्त ३१ मार्चपर्यंत बँकेत आलेल्या पैशांपुरता नाही. त्या वर्षाच्या विक्रीचे पैसे विवरणपत्र भरायच्या मुदतीच्या आत बँकेतून आले, तरी त्यांना सहाच टक्के लागतात. म्हणजे एप्रिल उजाडल्यावरही थोडी डागडुजी करता येते. या दुकानाच्या २२ लाखांच्या उधारीची वसुली पावसापूर्वी, ठेकेदारांचे पैसे मोकळे असताना, आणि चेकने किंवा यूपीआयनेच झाली, तर बँकेची जमा ९४ लाख होते. गृहीत नफा उतरतो १२ लाख ५२ हजारांवर. १२ लाखांची रेषा जेमतेम ओलांडलेल्यांना कायदा थोडी दया दाखवतो. रेषेच्या वर जितकं उत्पन्न, त्याहून जास्त कर घेत नाही. म्हणून कर ५२ हजार आणि उपकर धरून ५४,०८०. ऑडिटच्या ८३ हजारांपुढे हा रस्ता आता स्पष्टच स्वस्त आहे, कागदावरचा नफा दुप्पट असूनही.

पुढच्या वर्षी मात्र एवढ्यावर थांबायचं कारण नाही. १ कोटी ८० लाखांवर सरसकट आठ टक्के म्हणजे १४ लाख ४० हजार. बँकेतून आलेल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे त्यातले दोन रुपये कमी होतात. १२ लाखांवर यायला २ लाख ४० हजार कमी व्हायला हवेत, म्हणजे १ कोटी २० लाख बँकेतून यायला हवेत. तेवढं झालं की कर शून्य, ऑडिट नाही आणि विवरणपत्र आयटीआर-४ या छोट्या नमुन्यात. मिस्त्री लोक एकदम ऐकणार नाहीत. पण ठेकेदारांची उधारी फक्त बँकेतूनच घ्यायची आणि वीस गोण्यांच्या वरच्या मालाला रोख नाही, एवढे दोन नियम पाळले तरी बरंच अंतर कापलं जातं.

इथे एक गैरसमज वारंवार भेटतो. दुकानदार रोज संध्याकाळी गल्ला मोजतो, कर्जतला जाऊन करंट खात्यात भरतो आणि म्हणतो, ‘सगळं बँकेतच आहे की.’ नाही. गिऱ्हाइकाने रोख दिलं आणि तुम्ही ते बँकेत भरलं, तर ती रोखीचीच विक्री, आठ टक्क्यांची. गिऱ्हाइकाने स्वतः बँकेत जाऊन तुमच्या खात्यात नोटा भरल्या, तरीही रोखच. बेअरर चेकही त्यात बसत नाही. उलटंही घडतं. मुलाच्या फोनवरचा कोड काऊंटरवर ठेवलेला असतो आणि दुकानाचे पैसे त्याच्या बचत खात्यात जमतात. वर्षाअखेरी ते दुकानाच्या विक्रीत कोणी धरत नाही. आयकर खात्याच्या माहितीपत्रकात मात्र जीएसटीतली विक्री दिसते, आणि दोन आकडे जुळले नाहीत की नोटीस येते.

आता पाच वर्षांची गोष्ट, कारण वरची सगळी तुलना तिच्यामुळे उलटू शकते. गृहीत नफ्याने एकदा विवरणपत्र भरलं आणि त्यानंतरच्या पाच वर्षांत कधी त्याहून कमी नफा दाखवला, तर पुढची पाच वर्षं ही सोय बंद. त्या काळात उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर विक्री कितीही लहान असो, वह्या ठेवायच्या आणि ऑडिट करून घ्यायचं. नव्या प्रणालीत ही मर्यादा ४ लाख आहे, १२ नव्हे. १२ लाखांपर्यंत कर शून्य होतो तो सवलतीमुळे. ही दोन रकमांची गल्लत मी चांगल्या चांगल्यांना करताना पाहिलं आहे.

आपल्या सिमेंटवाल्याने याच वर्षी रागाने ऑडिटची वाट धरली आणि मागच्या वर्षी तो आठ टक्क्यांत होता, तर हिशेब एका वर्षाच्या ८३ हजारांचा राहत नाही. हे वर्ष आणि पुढची पाच, असा सहा वर्षांचा होतो. दरम्यान बांधकामं मंदावली, विक्री ७० लाखांवर आली आणि नफा साडेचार लाख राहिला, तरी ऑडिट सुटत नाही. म्हणून माझ्याकडे कोणी वही घेऊन आलं की मी विक्री विचारण्याआधी मागच्या पाच वर्षांची विवरणपत्रं मागतो. त्यातलं एक जरी आयटीआर-४ असेल, तर बोलणं वेगळ्या टोकाने सुरू होतं.

याची दुसरी बाजू लोकांना सांगितलीच जात नाही. ज्याने ही सोय कधी घेतलीच नाही आणि ज्याची विक्री एक कोटीच्या आत आहे, त्याने आठ टक्क्यांहून कमी नफा दाखवला म्हणून ऑडिट लागत नाही. साध्या वह्या पुरतात. ‘आठच्या खाली गेलं की ऑडिट’ हा २०१६ आधीचा नियम होता. तो गेला, पण बाजारातल्या सल्ल्यात अजून जिवंत आहे. एका दुकानदाराने या भीतीने तीन वर्षं न झालेल्या नफ्यावर कर भरला होता. सल्ला कोणाचा होता ते त्याने सांगितलं, मी इथे लिहीत नाही.

तोट्याचं वर्ष आलं की मात्र पाच वर्षांची भीती बाजूला ठेवून विचार करावा लागतो. नदीकाठच्या दुकानात एका पावसाळ्यात पाणी शिरलं, तीनशे गोण्या सिमेंट आणि रंगाचे डबे गेले, तर गृहीत नफ्याच्या नमुन्यात तोट्याला जागाच नाही. पाणी शिरलेल्या वर्षीही कायदा आठ टक्के नफा धरणार. तोटा पुढच्या वर्षांत ओढायचा असेल तर वह्या हव्यात आणि विवरणपत्र मुदतीत हवं. गेलेल्या मालाचे फोटो, तलाठ्याचा पंचनामा, विमा असेल तर दाव्याची प्रत, हे सगळं त्याच आठवड्यात जमवावं लागतं. वह्या नंतर लिहून काढता येतील, पण भिजलेल्या गोण्या नंतर मोजता येत नाहीत.

ज्या दुकानदाराकडे विम्याची एजन्सी आहे किंवा ज्याला कमिशनचं उत्पन्न आहे, त्याने आधी थांबावं. कायद्याची भाषा अशा व्यक्तीलाच बाहेर ठेवणारी आहे, फक्त तिच्या कमिशनला नव्हे. कमिशन वर्षाला वीस हजारांच्या वर गेलं की त्यावर कापलेला टीडीएस माहितीपत्रकात ठळक दिसतो. माल भाड्याने वाहणाऱ्या टेम्पोचं कलमही वेगळं आहे. स्वतःचा माल पोचवणारा टेम्पो त्यात येत नाही.

आणि वह्या नकोत म्हणून गृहीत नफा, हे कारण या दुकानाला तसंही लागू नाही. दीड कोटीच्या वर गेल्यामुळे जीएसटीची कंपोझिशन योजना सुटली आहे. खरेदी-विक्रीच्या नोंदी, साठा, बिलं हे जीएसटी कायदा मागतोच. बँक कॅश क्रेडिटसाठी दर महिन्याला साठ्याचं पत्रक मागते. आयटीआर-४ सुद्धा ३१ मार्चची उधारी, देणी, साठा आणि हातातली रोख विचारतं. तेव्हा निम्म्याहून जास्त वही लिहिली जातेच, फक्त ती तीन ठिकाणी विखुरलेली असते आणि तिन्हीकडचा साठ्याचा आकडा वेगळा असतो. बँकेला फुगवलेला, विवरणपत्रात अंदाजाने लिहिलेला, आणि गोदामातला कोणी मोजलेलाच नसतो.

गृहीत नफा घेणाऱ्याला आगाऊ कर चार हप्त्यांत भरावा लागत नाही. १५ मार्चला एकदाच भरायचा. आपल्या दुकानदाराने त्या दिवशी ७७ हजारांच्या हिशेबाने भरले आणि पुढे उधारी बँकेतून आली, तर २३ हजार परत मिळतील. नाही आली, तर कमी भरल्याचं व्याज चढणार नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात कर्जतच्या बाजारात सगळ्यांनाच पैशाची ओढ असते, कारण पावसाच्या आत स्लॅब टाकून घ्यायची घाई चालू असते आणि माल उधारीवर बाहेर पडत असतो. त्याच आठवड्यात त्याने उधारीची वही घेऊन बसावं आणि प्रत्येक नावापुढे लिहावं, हा माणूस रोख देतो की बँकेतून.